पहाटे टाकी वाहते, दुपारी तोच बॉल कॉक नीट बंद होतो. दोष कुठं शोधायचा?

गच्चीवाली
नमस्कार मंडळी. आमचं घर कोल्हापुरात फुलेवाडीत, बैठं आहे आणि वर गच्ची. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी आहे. गल्ली उताराला असल्यामुळं पाणी मोटारीशिवाय थेट टाकीत चढतं. पहाटे पाणी जोरात असतं, दुपारी थोडा वेळ येतं पण बारीक.

अडचण अशी की पहाटे टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या पाईपमधून पाणी सुरू होतं, ते पाणी जाईपर्यंत थांबत नाही. आमचा पाईप शेजारच्या काकूंच्या भिंतीकडं उतरतो. त्यांची भिंत ओली राहते, आतल्या बाजूनं रंगाचे पापुद्रे सुटलेत. त्या रोज बोलून दाखवत नाहीत, पण मला त्यांच्या अंगणात जायला जीवावर येतं.

प्लंबरला बोलावलं. त्यांनी अर्ध्या इंचाचा प्लास्टिकचा नवीन बॉल कॉक बसवला. दुपारी माझ्यासमोर टाकी भरून दाखवली, कॉक एकदम बंद झाला, थेंब नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे परत तेच. त्यांचं म्हणणं, कॉक नवीन आहे, त्यात काही खराबी नाही. मग पहाटे काय होतं? कुणी अनुभवी सांगेल का?

मंगळवार_पेठ
ताई, पहाटे प्रेशर जास्त असतं, एवढंच कारण. टाकीच्या आधी जो स्टॉप कॉक असेल तो अर्ध्याच्या वर बंद करून ठेवा. पाणी बारीक झालं की बॉल कॉकला दाबून धरायला जमतं. आणि दांडी थोडी खाली वाकवा म्हणजे कॉक लवकर बंद होईल. माझ्याकडं असंच केलंय, काही त्रास नाही.

उद्यमनगरी
गच्चीवाली ताई, मी पितळी कॉकची टर्निंगची कामं करत आलोय, त्यामुळं ही तक्रार कायम ऐकायला मिळते. मंगळवार पेठवाल्या दादांचं दांडीचं बरोबर आहे, स्टॉप कॉकचं नाही. त्यावर नंतर सांगतो. आधी तुम्ही तीन गोष्टी बघा, म्हणजे अंदाजानं बोलायला नको.

पहिलं, पहाटे टाकी वाहत असताना झाकण काढून चेंडू हातानं वर उचला. वर म्हणजे नेहमीपेक्षा चार बोटं, पण हलक्या हातानं. पाणी पूर्ण थांबलं तर आतली सीट, म्हणजे भोकाची कड, आणि तिच्यावर टेकणारा वायसर ठीक आहेत, चेंडूला तेवढा जोर मिळत नाही. हातानं उचलूनही पाणी गळतच राहिलं तर सीटवर कचरा बसलाय किंवा वायसर खराब झालाय.

दुसरं, चेंडू सोडा आणि तो पाण्यात किती बुडालाय बघा. काठावर पेननं किंवा टेपनं खूण करा. दुपारी कॉक बंद झाला की तशीच दुसरी खूण करा. दोन खुणांत किती अंतर पडतं ते इथं लिहा.

तिसरं, ओव्हरफ्लोच्या पाईपची खालची कड दुपारच्या पाण्याच्या पातळीपासून किती उंच आहे ते फुटपट्टीनं मोजा.

चेंडू हलवून आत पाणी भरलंय का तेही बघा. नवीन आहे म्हणून नसेल, पण जोडावर चीर असली तर नव्यातही भरतं.

बावडेकर
उद्यमनगरी साहेबांनी सांगितलेलं करायच्या आधी एक सांगतो, कारण आमच्यात यानंच सगळे फसले होते. आमची टाकी अशीच वाहायची. बॉल कॉक बदलला, परत बदलला, चांगल्यातला पितळी आणला, फरक शून्य. शेवटी एका पोरानं टाकीच्या आधीचा स्टॉप कॉक पूर्ण बंद करून ठेवला, तरी टाकी भरून वाहायला लागली! म्हणजे पाणी बॉल कॉकमधून येतच नव्हतं.

आमच्या स्वयंपाकघरात एकाच नळाला दोन लाईन आहेत, एक थेट नळाची आणि एक टाकीची. दोन्हींना वेगळे कॉक. सकाळी थेट पाणी भरताना टाकीच्या लाईनचा कॉक उघडाच राहायचा. प्रेशर जास्त असलं की थेट लाईनचं पाणी टाकीच्या खालच्या पाईपमधून उलटं वर चढायचं. आता तिथं एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकलाय, विषय संपला.

तेव्हा ताई, स्टॉप कॉक पूर्ण बंद करून एक पहाट बघा.

गच्चीवाली
सगळ्यांचे आभार. बावडेकर दादा, आमच्याकडंही मोरीतल्या नळाला दोन लाईन आहेत, म्हणून मी आधी तेच करून बघितलं. रात्री स्टॉप कॉक बंद केला, पहाटे थेट नळाला पाणी आलं तरी टाकीची पातळी जागची हलली नाही. म्हणजे आमच्यात ते नाही.

मग उद्यमनगरी दादांनी सांगितलं तसं केलं. पहाटे टाकी वाहत होती. चेंडू हातानं उचलला तर पाणी लगेच थांबलं. सोडला की परत बारीक धार. धार म्हणजे करंगळीएवढी पण नाही, पण दोन तास चालू राहिली तर भिंत भिजणारच.

पहाटे चेंडू निम्म्यापेक्षा बराच जास्त बुडालेला होता, वरचा टोपीएवढा भाग दिसत होता. दुपारी कॉक बंद झाल्यावर मात्र निम्म्यापेक्षा कमी बुडालेला. दोन खुणांत जवळपास एक इंच फरक आहे. आणि ओव्हरफ्लोची खालची कड दुपारच्या पातळीपासून पाऊण इंचावर आहे. चेंडूत पाणी नाही, कानाजवळ हलवून बघितलं.

उद्यमनगरी
झालं बघा, तुमच्या मोजमापानंच निम्मं काम झालं. कॉकला बंद व्हायला पहाटे एक इंच जास्त पाणी लागतंय आणि तुमचा ओव्हरफ्लो पाऊण इंचावरच पाणी बाहेर सोडतोय. कॉक पूर्ण मिटायच्या आधीच पाण्याला वाट मिळते, पातळी आणखी वर जातच नाही, म्हणून चेंडू आणखी बुडत नाही आणि कॉक तसाच किलकिला राहतो. तुमचे प्लंबर खोटं बोलत नाहीत, कॉक खराब नाही. तो तुमच्या पहाटेच्या प्रेशरला कमी पडतो.

आता खात्रीसाठी प्रेशर मोजून घ्या. गच्चीवर टाकीच्या आधी एखादा नळ आहे का? असेल तर त्याला प्रेशर गेज लावा. लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, नाहीतर ओळखीच्या फिटरकडून एक दिवस मागून आणा. आणि महत्त्वाचं, आकडा वाचताना चेंडू हातानं वर धरून पाणी पूर्ण थांबवा. पाणी वाहत असताना गेज कमी दाखवतो, त्याचा इथं उपयोग नाही.

आत्ता बसवलेला कॉक खोलता आला तर त्याच्या आतल्या भोकाचा व्यास आणि दांडीची मापंही द्या. पिनेपासून चेंडूच्या मध्यापर्यंत किती आणि पिनेपासून आत दट्ट्याला जिथं टेकते तिथपर्यंत किती.

मंगळवार_पेठ
साहेब, तुम्ही म्हणालात स्टॉप कॉकचं बरोबर नाही. माझ्याकडं दोन वर्षं चालू आहे. अर्धा बंद केला की प्रेशर कमी होणारच ना? हे साधं आहे.

उद्यमनगरी
दादा, पाणी वाहत असेपर्यंत कमी होतं, मान्य. पण बॉल कॉक बंद व्हायला आला की वाहणं जवळजवळ थांबतं. थांबलेल्या पाण्याला अर्धा बंद कॉक अडवू शकत नाही. स्टॉप कॉकच्या अलीकडं आणि पलीकडं प्रेशर सारखं होतं. शेवटच्या क्षणी, म्हणजे वायसर सीटवर टेकताना, चेंडूला पूर्ण प्रेशरशीच झुंजावं लागतं. तुम्ही स्वतः गेज लावून बघा. स्टॉप कॉक अर्धा बंद ठेवा आणि चेंडू हातानं उचलून धरा, काटा थोड्या वेळात वर जाऊन तिथंच पोचेल.

तुमच्याकडं मग का चालतंय? मला दोन शक्यता दिसतात. बारीक पाण्यानं टाकी भरायला इतका वेळ लागत असेल की भरायच्या आतच पाणी जातं. किंवा धार कमी झाल्यामुळं टाकीतलं पाणी कमी उसळतं आणि चेंडू नाचत नाही. तुमची टाकी पाणी जायच्या आधी काठोकाठ भरते का?

मंगळवार_पेठ
काठोकाठ क्वचितच भरते. चार बोटं कमीच असते. पण मला तेवढं पुरतं, म्हणून मी तसंच ठेवणार. ताईंनी पण करून बघायला काय हरकत आहे, खर्च तर नाही.

शाहूपुरी_कट्टा
दोघांचं चालू दे, मी वेगळं सांगतो. आमच्या भागात २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पाणी परत सुरू झालं तेव्हा कितीतरी दिवस लाईनमधून गाळ आणि बारीक वाळू यायची. तेव्हा सगळ्या गल्लीचे बॉल कॉक गळत होते. खोलून बघितलं तर वायसरवर वाळूचे कण रुतलेले. धुऊन परत बसवले तरी गळायचे, कारण वायसरवर खड्डे पडलेले. पाणी रोज जातं आणि परत येतं तेव्हा पहिल्या धारेला पाईपातला गंज खरवडून येतोच. त्यामुळं ताईंनी आधी कॉक खोलून आत कचरा आहे का बघावं.

उद्यमनगरी
बरोबर आहे तुमचं. पण ताईंच्यात हातानं उचलल्यावर पाणी पूर्ण थांबलं. कण अडकला असता तर दाबूनही थेंब थेंब चालू राहिलं असतं. आणि वाळू असती तर दुपारीही गळलं असतं, ती काय फक्त पहाटे गळायला सांगत नाही. तरी कॉक खोलणारच आहेत, तेव्हा वायसर बघून घ्यावा.

माहेरवाशीण
माझे वडील सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून वायसर म्हणून घालायचे. मऊ रबर असल्यानं एकदम चिकटून बसायचं. ताई, प्लंबरला परत बोलवायच्या आधी हे करून बघा की.

उद्यमनगरी
माहेरवाशीण ताई, अडीनडीला चालतं. मऊ असल्यानं सुरुवातीला कमी जोरात पाणी धरतं हे खरं आहे. पण ट्यूब पातळ असते, सीटची कड त्यात रुतते आणि गोल घाव पडतो. त्यानंतर ते आधीपेक्षा जास्त गळतं. आणि दुसरा धोका असा की बारीक गळती बरेच दिवस चालू राहिली तर त्या एकाच रेघेतून जोरात जाणारं पाणी पितळी सीटलाही खाच पाडतं. मग वायसर कितीही बदला. आमच्याकडं अशा सीटा येतात, लेथवर तोंड मारून सपाट करून देतो.

शिरोलीकर
माझाही प्रश्न इथंच विचारतो. आमच्यात खाली हौद आहे आणि अर्ध्या एचपीची मोटार पाणी वर चढवते. वरच्या टाकीत बॉल कॉक लावलाय म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद. पण हल्ली मोटार फार तापते आणि वास येतो. बॉल कॉक मोठ्या साईजचा लावू का?

उद्यमनगरी
शिरोलीकर, तुमचा प्रश्न ताईंच्यापेक्षा अगदी वेगळा आहे आणि तुम्ही आज रात्रीपासूनच मोटारीवर लक्ष ठेवा. मोटार चालू असताना वर बॉल कॉक बंद झाला की पाण्याला जायला जागा राहत नाही. घरगुती छोट्या मोनोब्लॉक पंपांमध्ये, विशेषतः स्वतः पाणी ओढणाऱ्या प्रकारात, पाणी अडलं की मोटारीवरचा भार कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. आतलं तेच पाणी फिरून गरम होतं, सील जातं, पुढं वाइंडिंग जळतं. तुम्हाला मोठा बॉल कॉक नको. टाकीत लोंबणारा फ्लोट स्विच घ्या, जो टाकी भरली की मोटारच बंद करतो. वायरिंग मात्र जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून आणि अर्थिंग बघून. जमलं तर यासाठी वेगळा धागा काढा, इथं दोन्ही विषय मिसळले की ताईंचा राहून जाईल.

शिरोलीकर
काढतो. मोटार आजपासून समोर उभं राहूनच चालवतो.

गच्चीवाली
आज गेज मिळाला. गच्चीवरच्या नळाला लावला. चेंडू हातानं वर धरून पहाटे १.४ किलो दाखवलं आणि दुपारी ०.४ किलो. एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं.

मग कॉक खोलला. आतलं भोक १२ मिलिमीटर. पिनेपासून चेंडूच्या मध्यापर्यंत १५ सेंटिमीटर आणि पिनेपासून दट्ट्यापर्यंत २ सेंटिमीटर. चेंडूचा व्यास ९ सेंटिमीटर. वायसरवर गोल घाव पडायला लागलाय, पण कचरा नाही.

दादा, आता हे आकडे घेऊन मी दुकानात काय मागू?

उद्यमनगरी
ताई, आकडे एवढे नीट दिलेत की आता हिशेबच मांडतो. जरा सावकाश वाचा, अवघड नाही.

बारा मिलिमीटर भोकाचं क्षेत्रफळ साधारण १.१ चौरस सेंटिमीटर. पहाटे प्रेशर १.४ किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १.४ किलो. दोन्हींचा गुणाकार केला तर वायसरला मागं ढकलणारा जोर जवळपास १.६ किलो झाला. दुपारी तोच जोर अर्ध्या किलोच्याही आत आहे.

आता दांडी. १५ भागिले २, म्हणजे साडेसात पट. चेंडू जेवढ्या जोरानं वर ढकलतो त्याच्या साडेसात पट जोर वायसरवर पडतो. पहाटे १.६ किलो अडवायला चेंडूला २१० ग्रॅम वर ढकलावं लागतं, शिवाय चेंडूचं स्वतःचं वजन ६० ग्रॅमच्या आसपास धरा. म्हणजे २७० मिलिलिटर पाणी बाजूला सारलं पाहिजे. तुमच्या चेंडूचं पूर्ण घनफळ ३८० मिलिलिटर आहे. सत्तर टक्के चेंडू बुडाल्याशिवाय कॉक मिटत नाही! दुपारी एकतीस-बत्तीस टक्क्यांतच मिटतो. या दोन्हींत पाण्याच्या पातळीचा फरक अडीच सेंटिमीटर निघतो. तुम्ही पेननं काढलेल्या खुणांत इंचाचा फरक आला, तो हाच. वायसरवर घाव पडलाय म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्तच दाब लागत असणार.

यावर उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र केले तर उत्तम. भोक बारीक हवं, दांडी लांब हवी, चेंडू मोठा हवा. दुकानात अर्ध्या इंची पितळी बॉल कॉक मागा, आडव्या दट्ट्याचा, आयएस १७०३ चा शिक्का असलेला. तिथंच तोंडात डोकावून भोक बघा, सगळ्यांचं सारखं नसतं. बाहेरून अर्धा इंची दिसला तरी आतलं भोक वेगळं असतं. तुम्हाला ८ मिलिमीटरच्या आसपासचं हवं. त्याचं क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर, म्हणजे पहाटेचा जोर १.६ वरून ०.७ किलोवर येतो. दांडी फूटभर लांब आणि चेंडू साडेचार इंची घ्या. घ्यायच्या आधी टाकीच्या तोंडातून दांडी आत जाते का आणि चेंडू भिंतीला घासत नाही ना, याचं माप घ्या. घासला तर सगळा हिशेब वाया.

बसवताना पहाटेच्या पातळीवरच लावा, दुपारच्या नाही. कॉक मिटल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या कडेखाली निदान दोन इंच राहील अशी दांडी वाकवा. मंगळवार पेठवाल्या दादांनी सांगितलेलं दांडीचं काम इथं लागतं. मात्र दांडी चेंडूजवळ वाकवा, पिनेजवळ जोर लावला तर पिन वाकते आणि दट्ट्या तिरका अडकतो.

पन्हाळा_रोड
एवढं सगळं करण्यापेक्षा घरात पाणी शिरतं तिथंच एक प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावला तर? माझ्या भावाकडं पुण्यात लावलाय.

उद्यमनगरी
चालतो. आणि तो स्टॉप कॉकसारखा नसतो, पाणी थांबलं तरी पलीकडचं प्रेशर खरंच कमी धरून ठेवतो. पण आपल्याकडं पाणी येतं-जातं आणि पहिल्या धारेला गंज-वाळू येते. त्याच्या आतला पडदा आणि बारीक सीट त्या कचऱ्यानं अडकते. आधी जाळी लावून ती नियमित धुणार असाल तर लावा. ताईंच्या दुपारच्या ०.४ किलोला त्याचा अडथळा किती होईल ते मात्र लावूनच कळेल.

शाहूपुरी_कट्टा
भोक बारीक केलं तर टाकी भरायला वेळ लागणार नाही का? ताईंचं दुपारचं पाणी तर आधीच बारीक.

उद्यमनगरी
लागेल, हा प्रश्न रास्त आहे. ०.४ किलोला ८ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण सोळा लिटर यायला हवेत, म्हणजे रिकामी हजार लिटरची टाकी तासाभरात. पण पाईपात जुना गंज साठला असेल किंवा त्याच वेळी खाली नळ चालू असेल तर कमी. प्रेशर ०.१ वर आलं तर तेच पाणी निम्म्यावर येतं, टाकीला दोन तास. उन्हाळ्यात दुपारी तुमच्याकडं किती असतं ते तुम्हालाच बघावं लागेल, ताई.

बावडेकर
आणि ताई, ओव्हरफ्लोचा पाईप काकूंच्या भिंतीकडून काढून स्वतःच्या मोरीकडं वळवा. कॉक कधीतरी बिघडणारच. पाणी आपल्याच डोळ्यांसमोर पडलं की लगेच कळतं, शेजाऱ्यांच्या भिंतीला त्रास नाही.

मंगळवार_पेठ
हे मात्र शंभर टक्के. पण पाईप वळवताना तो बारीक करू नका. येणाऱ्या पाईपपेक्षा जाड पाहिजे, नाहीतर टाकीच्या झाकणातून पाणी उसळेल.

गच्चीवाली
सगळं झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं, म्हणून उशीर.

पितळी कॉक आणला. दुकानदारांनी आधी जो दिला त्याचं भोक पुन्हा १२ मिलिमीटरचंच होतं, म्हणून ड्रिलचं पातं घालून मोजून दुसरा घेतला. टाकीच्या तोंडातून लांब दांडी थेट जात नव्हती, चेंडू सोडवून आत घातला आणि मग आतून फिरवून आवळला. प्लंबर दादा समोरच होते, त्यांनी पण हिशेब वाचला आणि दांडी स्वतः वाकवून दिली.

पहाटे टॉर्च घेऊन उभी होते. कॉक मिटला तेव्हा पाणी ओव्हरफ्लोच्या दोन बोटं खाली होतं. धार नाही, थेंब नाही. दुपारच्या आणि पहाटेच्या खुणांत आता अर्धा सेंटिमीटरही फरक नाही. ओव्हरफ्लो आमच्या मोरीवर वळवला, इंचभराचा पाईप घातला. काकूंची भिंत वाळायला वेळ लागेल. रंगाचा खर्च आम्ही देणार आहोत असं त्यांना सांगून आले.

दोन गोष्टी राहिल्यात. दुपारची टाकी पहिल्यापेक्षा हळू भरते, सध्या पुरते पण उन्हाळ्याची धास्ती आहे. आणि पहाटे कॉक मिटायच्या अगदी शेवटी पाईपात धड धड धड असा आवाज येतो, आठ-दहा सेकंद. हा आधी नव्हता.

उद्यमनगरी
धार पाण्यावर जोरात पडून लाटा उठतात, चेंडू वरखाली होतो आणि कॉक उघडमिट करतो, त्याचा आवाज. आता, फक्त आवाजापुरतं, मंगळवार पेठवाल्या दादांचा स्टॉप कॉक थोडा आवळून बघा. धार मंदावली की लाट कमी होईल. दुपारी पाणी पुरत नसेल तर परत मोकळा करा. त्यानंही गेला नाही तर पाईप भिंतीला कुठं सुटा आहे का बघा, क्लॅम्प नसला तरी असाच आवाज येतो.

मंगळवार_पेठ
ताई, दोन आटे आवळून बघा आणि सांगा.

गच्चीवाली
उद्या पहाटे बघते. गच्चीच्या कठड्यापाशी एक क्लॅम्प निखळलेला आहे खरा, तो पण बसवून घेते.